नफा 30 टक्के वाढला, तरी निकाल मंदीचा: तिमाही प्रसिद्धिपत्रक कसं वाचावं आणि कसं आटोपशीर लिहावं

प्रश्न: आमच्या गुंतवणूकदार गटाच्या मासिक पत्रकासाठी मी कंपन्यांच्या तिमाही निकालांचा सारांश लिहितो. सरावासाठी इन्फोसिसचं एप्रिल 2024 चं प्रसिद्धिपत्रक घेतलं आणि "नफा 30 टक्के वाढला" असं लिहिलं. गटातले एक जाणकार म्हणाले, "अहो, हा निकाल वाढीचा नव्हताच." मग महसूल, नफा आणि गायडन्सची मागच्या वर्षाशी तुलना नेमकी करायची कशी?

उत्तर: तुमचा आकडा बरोबर आहे आणि जाणकारांचं म्हणणंही बरोबर आहे. घोटाळा आकड्यात नाही, तो कुठल्या ओळीतून उचलला त्यात आहे. सरावासाठी तुम्ही निकाल मात्र छान निवडलात. महसूल, नफा आणि गायडन्स, म्हणजे पुढच्या वर्षाबद्दल कंपनीने स्वतः दिलेला अंदाज, या तिन्ही ठिकाणी वरवरचा आकडा एक सांगतो आणि आतला दुसराच, असं एकाच पत्रकात क्वचित सापडतं.

आधी क्रम सांगतो. 18 एप्रिल 2024 चं हे पत्रक उघडलं की सुरुवातीलाच पूर्ण वर्षाचे आकडे आणि मोठ्या करारांची विक्रमी रक्कम येते. मग सीईओ, सीएफओंची विधानं. मी तिथे थांबत नाही, थेट खालच्या नफा-तोटा तक्त्याकडे जातो. कंपनीला जे आधी दिसावंसं वाटतं ते वर असतं. त्यात खोटं काही नसतं, पण निवड कंपनीची असते. चौथ्या तिमाहीच्या निकालात तर हे हमखास होतं. तिमाही मंद गेली असेल तर वर्षाचा आकडा पुढे येतो, वर्ष मंद गेलं असेल तर तिमाहीचा. म्हणून तक्त्यात पहिल्यांदा स्तंभांची शीर्षकं बघायची. 31 मार्च 2024 ला संपलेली तिमाही, तिच्याशेजारी 31 मार्च 2023 ला संपलेली तिमाही. आपली तुलना या दोन स्तंभांची. बारा महिन्यांचे स्तंभ वेगळे ठेवायचे आणि एका वाक्यात दोन्ही मिसळायचे नाहीत.

आणखी एक खबरदारी. इन्फोसिस रुपयातलं आणि डॉलरमधलं अशी दोन पत्रकं काढते. शेअर बाजाराकडे दाखल होणाऱ्या कागदांत एकत्रित, म्हणजे उपकंपन्यांसह, आणि एकल, म्हणजे फक्त मूळ कंपनीचा, असेही दोन संच असतात. सारांशासाठी रुपयातले एकत्रित आकडे घ्या आणि शेवटपर्यंत तेच धरून राहा. महसूल एकत्रितचा आणि नफा एकलचा, अशी सरमिसळ छापून आलेली मी पाहिली आहे. टक्केवारी जुळत नाही म्हणून वाचकच फोन करतात.

या तिमाहीचा सांगाडा असा, रक्कम कोटी रुपयांत:

| | जाने.–मार्च 2024 | जाने.–मार्च 2023 |
|---|---|---|
| महसूल | 37,923 | 37,441 |
| ऑपरेटिंग नफा | 7,621 | 7,877 |
| इतर उत्पन्न (वित्तखर्च वजा जाता) | 2,619 | 589 |
| करपूर्व नफा | 10,240 | 8,466 |
| कर | 2,265 | 2,332 |
| निव्वळ नफा (भागधारकांचा वाटा) | 7,969 | 6,128 |

आता एकेक ओळ वरून खाली वाचू.

महसूल 482 कोटींनी वाढला, म्हणजे 1.3 टक्के. पण याच पत्रकात स्थिर चलनातली वाढ शून्य दिली आहे. दोन्ही खरे कसे? इन्फोसिसची बहुतेक कमाई डॉलर, युरो, पौंडात होते आणि हिशेब रुपयात मांडला जातो. डॉलरमधला महसूल वर्षभरापूर्वी 4,554 दशलक्ष होता, तो 4,564 दशलक्ष झाला, म्हणजे 0.2 टक्के वाढ. रुपयातल्या महसुलाला डॉलरमधल्या महसुलाने भागा. आधीच्या वर्षी डॉलरमागे साधारण 82 रुपये 20 पैसे पडले होते, या वेळी साधारण 83 रुपये 10 पैसे. म्हणजे रुपयातल्या वाढीपैकी मोठा भाग रुपया घसरल्याचा आहे. डॉलरमधल्या त्या 0.2 टक्क्यातही युरो, पौंडाच्या चढउताराचा हात असतो. तोही काढून टाकला की उरतं शून्य. स्थिर चलन म्हणजे एवढंच. या वर्षीची विक्री गेल्या वर्षीच्या विनिमय दरांनी मोजली तर किती वाढ दिसली असती, ते.

सारांशात दोन्ही आकडे हवेत, पण कौल द्यायचा तो स्थिर चलनाच्या आकड्यावर. कंपनीने जास्त काम विकलं का, याचं उत्तर त्यात आहे. ते उत्तर "नाही" असं आहे. आधीच्या तिमाहीशी, म्हणजे डिसेंबर 2023 च्या तिमाहीशी ताडलं तर स्थिर चलनात महसूल 2.2 टक्क्यांनी उतरला. तुलना मागच्या वर्षाशी करायची असली तरी ही एक ओळ जोडा, कारण पुढे गायडन्सच्या हिशेबात ती लागणार आहे.

दुसरी ओळ, ऑपरेटिंग नफा, म्हणजे इतर उत्पन्न आणि कर धरण्याआधी नुसत्या धंद्यातून उरलेला नफा. माझ्या मते सगळ्या पत्रकातली सर्वांत प्रामाणिक ओळ हीच. महसूल वाढला तरी हा नफा 7,877 वरून 7,621 कोटींवर आला, सुमारे 3 टक्के घट. मार्जिन, म्हणजे महसुलातला या नफ्याचा हिस्सा, 21.0 टक्क्यांवरून 20.1 टक्क्यांवर. इथे लिहिताना शब्द जपून वापरा. मार्जिन "0.9 टक्के घटलं" असं लिहिलं की वाचक गोंधळतो, कारण नफाच 0.9 टक्के घटला असा अर्थ निघतो. "0.9 टक्केबिंदूंनी" किंवा "90 बेसिस पॉइंटनी" लिहा, किंवा सरळ "21.0 वरून 20.1 टक्के" म्हणा. मला तिसरं आवडतं. त्यात गफलतीला जागाच नाही.

आता तुमचा 30 टक्क्यांचा आकडा. ऑपरेटिंग नफा घटला आणि निव्वळ नफा तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास वाढला, हे दिसलं की पेन खाली ठेवायचं. या तक्त्यात या दोन ओळींच्या मध्ये मुख्यतः दोनच गोष्टी आहेत, इतर उत्पन्न आणि कर. जी काही जादू झाली ती तिथेच झाली. इथे इतर उत्पन्न 589 कोटींवरून 2,619 कोटींवर गेलेलं दिसतं. बँकेतल्या ठेवींवरचं व्याज एका वर्षात चौपट होत नाही, तेव्हा तळटीप शोधायची. तळटिपेत कारण आहे. जुन्या वर्षांच्या प्राप्तिकराच्या वादात कंपनीच्या बाजूने आदेश आले आणि परताव्यावरचं व्याज म्हणून सुमारे 1,900 कोटी रुपये या एकाच तिमाहीत जमा धरले गेले. काही जुन्या कर-तरतुदी, म्हणजे कर भरावा लागेल म्हणून आधी खर्चात धरलेल्या रकमा, त्याही मागे घेतल्या गेल्या. त्याची खूण कराच्या ओळीत आहे. करपूर्व नफा 1,774 कोटींनी वाढला, तरी कर वाढण्याऐवजी घटला. आधीच्या वर्षी करपूर्व नफ्यावर 27.5 टक्के कर पडला होता, या वेळी 22.1 टक्के.

हा पैसा खरा आहे, कंपनीचाच आहे, हिशेबात कुठे लपवाछपवी नाही. फक्त तो या तिमाहीच्या कामातून आलेला नाही आणि पुढच्या तिमाहीत पुन्हा येणार नाही. घर भाड्याने देणाऱ्याला एखाद्या वर्षी पालिकेकडून जादा भरलेल्या घरपट्टीचा परतावा मिळाला, तर त्याचं भाडं वाढलं असं आपण म्हणत नाही.

मग याशिवाय नफा किती असता? ढोबळ हिशेब तुम्हीही करू शकता. 10,240 मधून 1,900 वजा केले की करपूर्व नफा साधारण 8,340 कोटी. त्यावर आधीच्या वर्षीचाच 27.5 टक्के कर लावा. उरतात 6,050 कोटींच्या आसपास. आधीच्या वर्षी, उपकंपन्यांतल्या अल्पांश भागधारकांचा वाटा काढण्याआधी, हाच आकडा 6,134 कोटी होता. म्हणजे 30 टक्के वाढीच्या जागी एक-दीड टक्क्याची घट. हा आकडा कंपनीने दिलेला नाही, तो आपला आहे, म्हणून सारांशात "आमच्या ढोबळ हिशेबाने" हे शब्द घालायलाच हवेत. कंपनीचा आकडा आणि लिहिणाऱ्याचा आकडा वाचकाला वेगळे दिसले पाहिजेत. या कामात माझा सर्वांत कडक नियम हाच आहे.

अशी भर प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने येते. कुठे जमीन विकल्याचा नफा, कुठे उपकंपनीतला हिस्सा विकल्याची रक्कम, कुठे "अपवादात्मक बाबी" अशी वेगळी ओळच असते. उलट दिशेनेही होतं. आधीच्या वर्षी एखादा मोठा तोटा एकदाच लिहून टाकलेला असला की या वर्षीची साधी तिमाहीसुद्धा झेप घेतल्यासारखी दिसते. त्यामुळे शोध दोन्ही स्तंभांत घ्यायचा. पण खूण एकच. ऑपरेटिंग नफा आणि निव्वळ नफा एकमेकांना सोडून चालले की कारण सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता गायडन्स. इथे बहुतेक सारांश एका वाक्यात संपतात: "कंपनीने 2024-25 साठी 1 ते 3 टक्के महसूलवाढीचा अंदाज दिला." बरोबर आहे, पण वाचकाला त्यातून काहीच कळत नाही. हा अंदाज स्थिर चलनातला आहे, हे पहिलं. त्यासोबत ऑपरेटिंग मार्जिनचा 20 ते 22 टक्क्यांचा पट्टा आहे, आदल्या वर्षीचाच. निव्वळ नफ्याचा अंदाज कंपनी देत नाही, तेव्हा "नफ्याचं गायडन्स" असले शब्द टाळा.

तुलना कशाशी करायची हा खरा प्रश्न. आदल्या वर्षी याच वेळी, एप्रिल 2023 मध्ये, 2023-24 साठी 4 ते 7 टक्क्यांचा अंदाज दिला होता. जुलैमध्ये तो 1 ते 3.5 झाला, ऑक्टोबरमध्ये 1 ते 2.5, जानेवारी 2024 मध्ये 1.5 ते 2. प्रत्यक्षात वर्ष संपलं 1.4 टक्के वाढीवर, शेवटच्या पट्ट्याच्याही किंचित खाली. आता 1 ते 3 हा नवा पट्टा जानेवारीच्या 1.5 ते 2 शेजारी ठेवला तर बरा वाटतो. प्रत्यक्षातल्या 1.4 शेजारी ठेवला तरी त्याचा मध्य, 2 टक्के, जरा वरच आहे. पण एप्रिलची तुलना एप्रिलशीच व्हायला हवी, कारण दोन्ही वेळी कंपनीपुढे अख्खं वर्ष मोकळं असतं. तशी केली की 4 ते 7 च्या जागी 1 ते 3 दिसतं. वर्षाच्या सुरुवातीचा आत्मविश्वास किती खाली आला, ते यावरून कळतं.

पट्टा नुसता वाचून सोडू नका, तो गाठायला काय लागेल तेही काढा. हे गणित पत्रकात नसतं आणि कंपनीच्या पदाधिकाऱ्यांबरोबरच्या कॉलमध्ये विश्लेषक बहुधा याच्याच आगेमागे प्रश्न विचारतात. 2023-24 चा डॉलर महसूल 18,562 दशलक्ष. शेवटची तिमाही 4,564 दशलक्षाची. तिची चौपट केली तर 18,256. म्हणजे पुढच्या चारही तिमाही अगदी मार्चएवढ्याच गेल्या, तर वर्षाची वाढ उणे 1.6 टक्के होईल. वर्ष संपताना कंपनी वर्षाच्या सरासरीपेक्षा खाली होती, हा त्याचा अर्थ. अशा ठिकाणाहून वर्षाला 1 टक्का वाढ हवी असेल तर दर तिमाहीला साधारण 1.1 टक्के वाढ लागते आणि 3 टक्के हवी असेल तर साधारण 1.9 टक्के. कागदावर नरम वाटणारा 1 ते 3 चा पट्टा दिसतो तितका सोपा नव्हता. (मार्च तिमाहीत वित्तसेवा क्षेत्रातल्या एका मोठ्या कराराच्या फेरवाटाघाटीने महसुलाला सुमारे 1 टक्क्याचा फटका बसला, असं व्यवस्थापनाने सांगितलं होतं. ते एकवेळचं धरलं तर चढण थोडी कमी होते. नफ्यातला एकवेळचा लाभ वगळायचा, तर महसुलातला एकवेळचा फटकाही सांगायलाच हवा. न्याय दोन्हीकडे सारखा.)

मोठ्या करारांबद्दल थोडक्यात. वर्षात 17.7 अब्ज डॉलरचे करार झाले, कंपनीचा विक्रम. मथळ्याला साजेसा आकडा आहे, पण ही रक्कम अनेक वर्षांत मिळायची असते. त्यातले 52 टक्केच निव्वळ नवे, बाकी जुन्याच कामाचं नूतनीकरण. विक्रमी करार आणि शून्य वाढ एकाच कागदावर कसे, याचं उत्तर इथे आहे. एकीकडे नवं काम येत होतं, दुसरीकडे ग्राहक जुनी छोटी कामं आवरती घेत होते. सारांशात याला एक वाक्य पुरे.

हे सगळं गोळा झाल्यावर मी लिहिला असता तो सारांश असा:

"इन्फोसिसचा मार्च 2024 तिमाहीचा महसूल वर्षभरापूर्वीच्या तुलनेत 1.3 टक्के वाढून 37,923 कोटी रुपये झाला. स्थिर चलनात मात्र तो होता तिथेच राहिला. ऑपरेटिंग नफा सुमारे 3 टक्के घटून 7,621 कोटींवर आला आणि मार्जिन 21.0 वरून 20.1 टक्के झालं. निव्वळ नफा 30 टक्के वाढून 7,969 कोटी दिसतो, त्याचं मुख्य कारण प्राप्तिकर परताव्यावरचं सुमारे 1,900 कोटींचं एकवेळचं व्याज. ते आणि कर-तरतुदींचा लाभ वगळता, आमच्या ढोबळ हिशेबाने, नफा आधीच्या वर्षापेक्षा किंचित कमीच भरतो. पूर्ण वर्षाचा महसूल 1,53,670 कोटी, स्थिर चलनात 1.4 टक्के वाढ. 2024-25 साठी स्थिर चलनात 1 ते 3 टक्के महसूलवाढीचा अंदाज आहे. आदल्या एप्रिलमध्ये तो 4 ते 7 टक्के होता. मार्जिनचा 20 ते 22 टक्क्यांचा पट्टा कायम."

शंभराच्या आसपास शब्द झाले आणि त्यात शेरा मारणारं एकही विशेषण नाही. "दमदार", "निराशाजनक", "अपेक्षेपेक्षा सरस" हे शब्द मी गाळतो. त्यातला "अपेक्षेपेक्षा" तर प्रसिद्धिपत्रकात असूच शकत नाही, कारण अपेक्षा विश्लेषकांची असते आणि ती दुसरीकडून आणावी लागते. आणायची असेल तर कोणाची ते सांगून आणा. "30 टक्के" हा आकडा मात्र मी गाळलेला नाही. वाचकाने तो दुसरीकडे वाचलेला असणार, आणि आपल्या सारांशात तो दिसलाच नाही तर आपणच काहीतरी लपवतोय असं त्याला वाटेल.

हीच पद्धत सगळीकडे जशीच्या तशी चालत नाही. बँकेच्या निकालात महसुलाच्या जागी निव्वळ व्याज उत्पन्न घ्यावं लागतं आणि एकवेळच्या भानगडी बहुतेकदा तरतुदींच्या ओळीत सापडतात. सिमेंट किंवा पोलाद कंपनीत स्थिर चलनाऐवजी विकलेले टन बघायचे. टन तेवढेच आणि महसूल वाढलेला, तर वाढ भावाची. आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या आकड्यांत गायडन्स देतच नाहीत. तिथे "मागणी चांगली राहील" अशा विधानाला गायडन्स म्हणू नका, व्यवस्थापनाचं विधान म्हणून नावासकट द्या किंवा सोडून द्या.

एक काम निकालानंतरही उरतं. गायडन्सची एक वही किंवा शीट ठेवा: तारीख, पट्टा आणि त्यात काय धरलं आहे. या निकालाच्याच दिवशी इन्फोसिसने जर्मनीतली इन-टेक ही कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं होतं. एप्रिलच्या 1 ते 3 टक्क्यांत ती धरलेली नव्हती. जुलै 2024 मध्ये पट्टा 3 ते 4 टक्के झाला, तेव्हा ती खरेदी पूर्ण होऊन त्यात आलेली होती. वहीत ही नोंद असेल, तर "अंदाज वाढवला" लिहिताना त्यातला किती भाग जुन्या धंद्याचा आणि किती विकत घेतलेला, हा प्रश्न तुम्हाला सुचेल आणि कॉलच्या उताऱ्यात त्याचं उत्तर शोधता येईल.